सहीची आठवण: कोणाला, कधी आणि कोणत्या शब्दांत

कागद ऑनलाइन सहीसाठी पाठवला की आपले काम संपले, असे वाटते. तीन-चार दिवस सही येत नाही, तेव्हा आपण `Resend`चे बटण दाबतो आणि समोरच्याला पहिलाच मेल पुन्हा जातो. दोन दिवसांनी पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला तो मेल न उघडता बाजूला सारला जातो आणि चौथ्या खेपेनंतर फोन केला, तर पलीकडचा आवाज थोडा कोरडा झालेला असतो.

सही करणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर त्याचा वैताग समजण्यासारखा आहे. सही राहून गेली ती विसरल्यामुळेच, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात मेल स्पॅममध्ये पडलेला असतो, ओटीपी जुन्या नंबरवर जात असतो, करारातले एखादे कलम खटकलेले असते किंवा ऑफिसात आधी दुसऱ्या कोणाचा होकार मिळायचा असतो. यातल्या कोणत्याही अडचणीवर ‘कृपया सही करावी’ हे वाक्य लागू पडत नाही. म्हणून आठवण करण्याआधी कागद कुठे अडकला ते पाहावे आणि आठवणीबरोबर ती अडचण सोडवणारी एखादी गोष्टही द्यावी. या दोन गोष्टी साधल्या तर दोन-तीन निरोपांत काम होते.

निम्मी आठवण पाठवतानाच

सहीच्या सेवेकडून जाणारा मेल तुमच्या पत्त्यावरून जात नाही. तो त्या सेवेच्या पत्त्यावरून जातो. अनोळखी पत्ता, इंग्रजी मजकूर आणि मध्ये एक मोठे बटण, असा मेल पाहून सावध माणूस थबकतोच. नामांकित सेवांच्या नावाने फसवे मेल येतात, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे कागद पाठवण्याच्या थोडे आधी तुमच्या नेहमीच्या ईमेलवरून किंवा व्हॉट्सअॅपवरून एक निरोप द्यावा: कोणत्या सेवेकडून मेल येईल, विषयाच्या ओळीत काय असेल, किती पानांचा कागद आहे आणि सही कोणत्या प्रकारची लागेल.

सहीचा प्रकार आधी सांगणे फार उपयोगाचे ठरते, कारण अडचणी त्यावरच ठरतात. नुसते बटण दाबून नाव उमटवायचे असेल तर मोबाइलवर दोन मिनिटांत काम होते. आधार ई-साइन असेल तर आधारला जोडलेला मोबाइल हाताशी लागतो. डिजिटल सिग्नेचर सर्टिफिकेट, म्हणजे सगळे ज्याला डीएससी किंवा डोंगल म्हणतात ते लागणार असेल, तर ते यूएसबी टोकन आणि संगणक दोन्ही समोर हवेत. अनेक संचालकांचे डोंगल त्यांच्या सीएच्या ऑफिसमधल्या खणात असते. अशा माणसाला रोज आठवण केली तरी तो घरून सही करू शकणार नाही. त्याला विचारायचे ते एवढेच, की सीएकडे कधी जाणार आहात किंवा टोकन कधी मागवता येईल.

दुसरी गोष्ट तारखेची. ‘लवकरात लवकर’ ही मुदत नव्हे. तारीख द्यावी आणि तिच्यामागचे खरे कारणही द्यावे: ‘सोमवारी माल निघणार आहे, त्यामुळे शुक्रवार संध्याकाळपर्यंत सही मिळाली तर बरे.’ कारण कळले की माणूस आपल्या कामांच्या यादीत त्या सहीला जागा देतो. पुढे आठवण करताना तुम्हालाही त्याच तारखेचा हवाला देता येतो, नवा तगादा लावावा लागत नाही. मात्र तारीख खोटी असू नये. शुक्रवार उलटून गेला आणि काहीच बिघडले नाही, तर पुढच्या वेळी तुमच्या शुक्रवाराला कोणी मोजणार नाही.

कागद कुठे आहे ते आधी पाहा

आठवण लिहिण्यापूर्वी सेवेच्या पानावर त्या कागदाची स्थिती पाहावी. DocuSign चे उदाहरण घेऊ. तिथे एखाद्या नावापुढे `Sent` दिसत असेल, तर मेल गेला आहे पण त्या व्यक्तीने कागद उघडलेला नाही. `Delivered` म्हणजे कागद उघडून पाहिला, पण सही पूर्ण केलेली नाही. हा शब्द अनेकांना फसवतो. मेल पोचला एवढाच त्याचा अर्थ ते घेतात आणि ज्या माणसाने कागद वाचून बाजूला ठेवला आहे त्याला ‘मेल मिळाला का’ असे विचारत बसतात. `Declined` म्हणजे सही करायला नकार दिला. तिथे आठवण करून उपयोग नाही, बोलायला हवे. इतर सेवांमध्ये शब्द थोडे वेगळे असतील, पण ‘गेला’, ‘उघडला’, ‘सही झाली’, ‘नाकारला’ हे टप्पे बहुतेक सगळीकडे दिसतात.

कागद उघडलाच नसेल तर आधी ईमेल पत्ता अक्षर न् अक्षर तपासावा. एक टिंब राहिले किंवा `.com` च्या जागी `.co` पडले की मेल भलतीकडे जातो. पत्ता चुकला असेल तर घाईने नवा कागद पाठवू नये. DocuSign मध्ये `Correct` वापरून ज्याची सही बाकी आहे त्याचा पत्ता बदलता येतो आणि आधी झालेल्या सह्या जागेवर राहतात. कागद रद्द करून नव्याने पाठवला, तर ज्यांनी वेळेवर सही केली त्यांच्याकडेच पुन्हा सही मागावी लागते, आणि वेळेवर काम करणाऱ्याला त्रास देण्याइतका वाईट तगादा दुसरा नाही.

पत्ता बरोबर असेल तर मेल स्पॅममध्ये किंवा जाहिरातींच्या कप्प्यात असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी सेवेचे बटण पुन्हा दाबले, तर दुसरा मेलही त्याच कप्प्यात जाऊन पडतो. इथे दुसरी वाट धरावी लागते, म्हणजे तुमच्या स्वतःच्या पत्त्यावरून मेल किंवा व्हॉट्सअॅपवर चार ओळी. ज्यांना लिंकची शंका येते त्यांना DocuSign च्या मेलमध्येच पर्याय असतो: ब्राउझरमध्ये स्वतः `docusign.com` टाइप करून `Access Documents` मध्ये मेलमधला सुरक्षा कोड भरला की तोच कागद उघडतो. सावधपणाबद्दल त्यांना ‘अहो, खरीच लिंक आहे’ असे समजावण्यापेक्षा हा मार्ग सांगावा.

कागद उघडला आहे पण सही नाही, ही स्थिती सर्वांत नाजूक. इथे माणसाच्या मनात काहीतरी आहे: शंका असेल, वेळ नसेल, किंवा त्याला आतल्या आत कोणाला विचारायचे असेल. तुम्हाला काय दिसते आहे, हे त्याला सांगू मात्र नये. ‘तुम्ही काल दुपारी 4 वाजता कागद उघडला होता’ हे वाक्य खरे असले तरी पाळत ठेवल्यासारखे वाटते. त्यातून काही कंपन्यांची मेल-तपासणी यंत्रणा सुरक्षेसाठी लिंक स्वतःच उघडून पाहते, त्यामुळे उघडल्याची नोंद दरवेळी माणसाचीच असते असेही नाही. स्थिती पाहायची ती आपला प्रश्न ठरवण्यासाठी. तोंडावर ती बोलून दाखवायची नाही.

शेवटची तपासणी क्रमाची. सह्या एकापाठोपाठ एक लावलेल्या असतील, तर पहिल्याची सही होईपर्यंत दुसऱ्याला मेल जातच नाही. तरीही फोन जातो तो नेहमी मोठ्या साहेबांना. साहेब म्हणतात, ‘मला काहीच आलेले नाही,’ आणि दोघांनाही अवघडल्यासारखे होते. आठवण नेहमी ज्याच्याकडे कागद अडला आहे त्यालाच करायची. त्याच्या पुढच्याला ‘तुमच्याकडे शुक्रवारपर्यंत येईल’ एवढी आगाऊ सूचना दिली तर पुरते.

एक करार, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजा, इचलकरंजीतला एक यंत्रमागधारक मुंबईच्या एका कापड व्यापारी कंपनीसाठी जॉबवर्कवर कापड विणून देतो. सूत कंपनीचे, विणाई याची. नव्या हंगामाचा करार ऑनलाइन सहीसाठी जायचा आहे. क्रम असा: आधी कंपनीच्या हिशेब विभागाच्या प्रमुख मॅडम, मग संचालक, शेवटी कारखानदार स्वतः. सोमवारी 16 तारखेला सुताची पहिली गाडी निघणार आणि कराराशिवाय कंपनी गाडी सोडणार नाही. करार पाठवण्याचे काम कारखान्याच्या ऑफिसमधल्या कारकुनाकडे आहे.

मंगळवारी 3 तारखेला सकाळी तो मॅडमना निरोप देतो: सहा पानांचा करार आहे, दराचा तक्ता चौथ्या पानावर आहे, गाडी 16 ला आहे, तुमची सही 10 तारखेपर्यंत मिळाली तर संचालकांना दोन-तीन दिवस मिळतील. मग तो करार पाठवतो.

गुरुवारी 5 तारखेला स्थिती पाहिली, तर कागद उघडलेला नाही. पत्ता बरोबर आहे. तो व्हॉट्सअॅपवर लिहितो:

‘नमस्कार मॅडम. मंगळवारी जॉबवर्क करार सहीसाठी पाठवला आहे. मेल सेवेच्या पत्त्यावरून येतो, त्यामुळे कधी कधी स्पॅममध्ये जातो. मिळाला नसेल तर कळवा, दुसऱ्या पत्त्यावर पाठवतो.’

या निरोपात सही मागितलेलीच नाही. मेल मिळाला का एवढाच प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एका शब्दात देता येते. मॅडमचे उत्तर येते, ‘स्पॅममध्ये होता, पाहते.’ शुक्रवारी कागद उघडला जातो.

सोमवारी 9 तारखेला कागद उघडलेला आहे, पण सही नाही. इथे कारकुनाने कॅलेंडर पाहावे. हिशेब विभागाच्या माणसाला सहसा महिन्याच्या 7 तारखेपर्यंत टीडीएस भरायचा असतो, 11 पर्यंत जीएसटीआर-1 आणि 20 पर्यंत जीएसटीआर-3बी. 9 तारखेला त्यांच्या टेबलावर काय चालले असेल, हे यावरून कळते. म्हणून तो त्या दिवशी सहीसाठी मेल पाठवत नाही. मंगळवारी दुपारी, जेवणाची वेळ टळल्यावर, फोन करतो आणि सहीबद्दल न विचारता कराराबद्दल विचारतो: ‘मॅडम, करारात काही बदल सुचवायचा आहे का? आज कळले तर मालकांशी बोलून लगेच करून देतो.’

मग खरे कारण बाहेर येते. घटीच्या कलमात सुताची दोन टक्क्यांपर्यंतची घट धरली आहे, कंपनीत दीड टक्का धरतात. मॅडमना ते खटकले होते, पण मेलला उत्तर लिहायला वेळ मिळाला नव्हता. सेवेकडून रोज एक आठवण गेली असती, तरी हे कलम तसेच राहिले असते. मालकांशी बोलून दीड टक्का ठरतो. अजून कोणाचीच सही झालेली नाही, त्यामुळे त्याच पाठवणीत दुरुस्त केलेला करार घालता येतो. एखादी सही झाली असती तर तो रद्द करून नव्याने पाठवावा लागला असता. दुरुस्त करार जाताना कारकून एक ओळ जोडतो: ‘तिसऱ्या पानावर घटीचे कलम दीड टक्का केले आहे, बाकी एक शब्दही बदललेला नाही.’ या ओळीमुळे मॅडमना सहा पाने पुन्हा वाचावी लागत नाहीत. गुरुवारी 12 तारखेला त्यांची सही येते.

आता कागद संचालकांकडे आहे आणि हातात दोनच दिवस. संचालक दौऱ्यावर आहेत. शुक्रवारी सकाळी कारकून त्यांच्या सचिवांना फोन करतो: ‘हिशेब विभागाची सही झाली आहे. साहेबांच्या मेलवर करार आला आहे, मोबाइलवरून सही होते, दोन-तीन मिनिटांचे काम आहे. आज त्यांना कधी सवड मिळेल?’ सचिव म्हणतात, ‘मलाच लिंक पाठवा, मी करून टाकतो.’ इथे कारकुनाने सौम्यपणे नाही म्हणायला हवे. ती लिंक साहेबांच्या नावाची आहे. सचिवांनी ती उघडून सही केली, तर कागदावर नाव साहेबांचे आणि सही दुसऱ्याची, असा प्रकार होतो आणि पुढे वाद झालाच तर करार त्याच जागी कच्चा पडतो. कंपनीने सहीचा अधिकार दुसऱ्या कोणाला दिला असेल, तर त्या माणसाचे नाव रीतसर घालून कागद त्याच्याकडे वळवावा. संध्याकाळी विमानतळावरून साहेबांची सही होते, शनिवारी कारखानदाराची. सोमवारी गाडी निघते.

या सगळ्यात पूर्वसूचना सोडली, तर एक लेखी निरोप आणि दोन फोन झाले. सेवेच्या बटणाला हात लावावा लागला नाही.

ओटीपी येत नाही, तेव्हा

आधार ई-साइन असलेल्या कागदांवर एक अडचण पुन्हा पुन्हा येते. माणूस सही करायला बसतो, आधार क्रमांक भरतो आणि ओटीपी येतच नाही. ओटीपी जातो तो आधारला जोडलेल्या मोबाइलवर. नंबर बदलला, जुने सिम बंद झाले, किंवा आधार काढताना वडिलांचा नंबर दिलेला असला, की सही तिथेच थांबते. दोनदा प्रयत्न करून तो माणूस पान बंद करतो आणि ‘नंतर पाहू’ म्हणतो. आपल्याला मात्र तो टाळतो आहे असे वाटते.

म्हणून आधार ई-साइनच्या पहिल्याच आठवणीत एक प्रश्न घालावा: ‘आधारला जोडलेला मोबाइल सध्या चालू आहे ना?’ नाही असेल, तर नंबर अद्ययावत व्हायला वेळ लागतो, आणि तोपर्यंत आठवणी करत राहणे व्यर्थ आहे. त्याऐवजी कागदाला चालत असेल तर सहीचा दुसरा प्रकार द्यावा किंवा मुदत पुढे न्यावी. ज्यांनी सुरक्षेसाठी आपला आधार क्रमांक लॉक करून ठेवला आहे, त्यांना क्रमांकाच्या जागी 16 अंकी व्हर्च्युअल आयडी वापरावा लागतो. हे अनेकांच्या लक्षात राहत नाही, आठवणीत सांगितले तर बरे. ओटीपी दहा मिनिटेच चालतो, त्यामुळे तो आल्यावर मधेच दुसरा फोन घेतला की पुन्हा मागवावा लागतो, हेही सांगून ठेवावे.

एक गोष्ट मात्र कधीही करू नये: ‘मला ओटीपी सांगा, मी इथून करून देतो.’ ज्येष्ठ नातेवाईक, जुने भाडेकरू, गावाकडचे भागीदार यांच्या बाबतीत हा मोह होतो. पण सही ज्याची आहे त्यानेच ती केली, याचा पुरावा म्हणूनच तो ओटीपी असतो. शिवाय ओटीपी कोणालाही सांगू नका, असे बँका वर्षानुवर्षे सांगत आहेत. तुम्हीच तो मागितलात, तर त्या माणसाची सावध राहायची सवय तुम्हीच मोडता. फोनवर सोबत राहून ‘आता कोणते बटण दिसते?’ असे विचारत त्याच्याच हाताने सही करून घेणे, एवढीच मदत करावी.

डोंगलवाल्या सहीतही अशीच एक जागा आहे. सर्टिफिकेटची मुदत संपलेली असते आणि सही करायला बसेपर्यंत ते कोणाच्या लक्षात येत नाही. चुकीचा पिन लागोपाठ टाकला तर टोकन लॉक होते. दोन्ही प्रसंगी माणसाला थोडा वेळ लागणारच. तिथे ‘नवे सर्टिफिकेट कधीपर्यंत मिळेल?’ असे एकदा विचारावे आणि त्या तारखेपर्यंत गप्प राहावे.

आपोआप जाणाऱ्या आठवणी

जवळजवळ प्रत्येक सेवेत आठवणी आपोआप पाठवायची सोय असते. पहिली आठवण किती दिवसांनी आणि नंतर किती दिवसांच्या अंतराने, हे ठरवता येते. ‘रोज’ हा पर्याय शक्यतो निवडू नये. रोज येणारा मेल दुसऱ्या आठवड्यापासून दिसेनासा होतो, आणि ज्या दिवशी खरी घाई असते त्या दिवशी तोही न वाचता जातो. साध्या करारासाठी पहिली आठवण तीन दिवसांनी, नंतर चार-पाच दिवसांच्या अंतराने आणि मुदतीच्या दोन दिवस आधी एक, एवढे पुरते. शनिवार-रविवार मोजले जातात की नाही, ते सेटिंगमध्ये पाहून घ्यावे. काही सेवांत फक्त कामाच्या दिवसांचा पर्याय असतो, काहींत नसतो. गुरुवारी पाठवलेल्या कागदाची पहिली आठवण रविवारी सकाळी गेली, तर तो दोष यंत्राचा नसून सेटिंग न पाहणाऱ्याचा असतो.

आपोआप आठवणींचा मोठा धोका वेगळाच आहे. समोरच्याशी फोनवर बोलणे झाले, त्याने ‘बुधवारी करतो’ म्हटले, आणि मंगळवारी यंत्राने त्याला पुन्हा ‘सही बाकी आहे’ असा मेल पाठवला. दिलेल्या शब्दावर आपला विश्वास नाही, असाच त्याचा अर्थ होतो. म्हणून माणसाशी बोलणे झाले की त्या कागदाच्या आपोआप आठवणी बंद कराव्यात किंवा ठरलेल्या दिवसानंतरच्या ठेवाव्यात. हे काम अर्ध्या मिनिटाचे आहे आणि नेमके तेच राहून जाते.

कागदाच्या मुदतीकडेही लक्ष हवे. DocuSign मध्ये वेगळे काही ठरवले नसेल, तर 120 दिवसांनी कागदाची मुदत संपते आणि मग सही करता येत नाही. मोठ्या कुटुंबाच्या किंवा सोसायटीच्या कागदावर सात-आठ सह्या असतील आणि शेवटची अडली असेल, तर ही तारीख चुपचाप येऊन ठेपते. झालेल्या सगळ्या सह्या पुन्हा घ्यायची वेळ येऊ नये, म्हणून मुदत संपण्याच्या बरेच आधी शेवटच्या माणसाशी बोलावे किंवा मुदत वाढवावी.

सही करणारा परदेशात असेल तर घड्याळही पाहावे लागते. न्यू जर्सीतल्या भावाला आपण सकाळी साडेनऊला निरोप पाठवला, तर तिथे उन्हाळ्यात मध्यरात्र असते आणि हिवाळ्यात रात्रीचे अकरा. तोच निरोप संध्याकाळी सात वाजता पाठवला तर त्याला तो सकाळी मिळतो. त्याच्याकडे आधारला जोडलेले भारतीय सिम चालू नसेल, तर आधार ई-साइनचा आग्रहच धरू नये. सहीचा कोणता प्रकार चालेल, ते कागद पाठवण्याआधी वकिलांना विचारून घ्यावे.

शब्द आणि शेवट

आठवणीचा मजकूर छोटा असावा, पण प्रत्येक वेळी त्यात काहीतरी नवे असावे. पहिल्यात मेल मिळाला का हे विचारावे. दुसऱ्यात शंका किंवा अडचण आहे का हे विचारावे. तिसऱ्यात तारीख आणि त्या तारखेनंतर काय होणार ते सरळ सांगावे: ‘शुक्रवारपर्यंत सही आली नाही, तर जुन्या दरानेच या महिन्याचे बिल करावे लागेल.’ यात धमकी नसावी, जे खरेच होणार आहे तेवढेच असावे. मेलच्या विषयाच्या ओळीत ‘स्मरणपत्र 3’ असे आकडे घालू नयेत. ‘जॉबवर्क करार, सही शुक्रवार 13 पर्यंत’ असे लिहिले, की मेल न उघडताही काम समजते.

‘नम्र स्मरण’, ‘पुनश्च विनंती’, ‘वारंवार कळवूनही’ असे शब्द टाळावेत. पहिले दोन सरकारी वाटतात, तिसरा दोष देतो. वरिष्ठांना सीसी ठेवून आठवण करणे हा तर तक्रारीचाच प्रकार आहे. तसे करावेच लागले, तर आधी त्या माणसाला सांगावे: ‘सोमवारी गाडी आहे, म्हणून आज साहेबांनाही कळवतो.’ पाठीमागून कळवलेले कळले, की तो दुखावतो, आणि पुढच्या करारालाही तोच माणूस तुमच्यासमोर असतो, हे विसरू नये.

आणि तीन निरोप, एक फोन झाल्यावरही सही येत नसेल, तर आठवणी थांबवून सरळ विचारावे: ‘या करारावर सही करायची नसेल तर मोकळेपणाने सांगा. कागदावर नकाराचाही पर्याय आहे, त्यात कारण लिहिता येते.’ DocuSign मध्ये तो `Decline to Sign` या नावाने असतो. अनेकांना नाही म्हणायचे असते, पण ते कसे म्हणावे हे सुचत नाही, म्हणून ते गप्प राहतात. नकार मिळाला की निदान कराराचा मजकूर बदलता येतो, दुसरा पुरवठादार शोधता येतो किंवा ते काम सोडून देता येते.

पुढच्या वेळी सहीचा कागद अडकला, की बटण दाबण्याआधी दोन मिनिटे काढा. स्थिती पाहा, पत्ता तपासा, सहीचा प्रकार आठवा आणि समोरच्याच्या महिन्यात सध्या कोणती तारीख चालू आहे ते पाहा. मग जो प्रश्न उरेल, तेवढाच त्याला विचारा.